विजेच्या गाडीतली ऊब: हीटर, हीट पंप आणि भामरागडचा रस्ता

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, तिथे गाडी गरम करण्याच्या इतिहासावर व्याख्यान कशाला? पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता ताडोब्याच्या गेटवर उभे राहिलेले लोक इथे असतील, आलापल्लीच्या जंगलातून पहाटे मोटारसायकलवर गेलेलेही असतील. दहा अंश, कधी आठ अंश, आणि वर सागाच्या जंगलातला ओलावा. माणूस गारठतो. डिझेलच्या गाडीत बसलं की काच वर करायची, हीटरची कळ फिरवायची, झालं. विजेच्या गाडीत तीच कळ फिरवली की गाडी किती किलोमीटर जाणार हा आकडा खाली येतो. तो का येतो, किती येतो आणि कमी कसा करता येतो, यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्यासारख्या उष्ण मुलखातून गेलेला आहे.

आधी डिझेलच्या गाडीचा हीटर पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत जाते. बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. ही उष्णता फेकायचीच असते. त्यातलं थोडं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवलं, त्यावरून पंख्याने हवा सोडली, की तो झाला हीटर. म्हणजे गाडीतली ऊब ही इंजिनाच्या उधळपट्टीतून फुकट मिळालेली गोष्ट होती. शंभर वर्षं आपण तिचा हिशेब ठेवला नाही, कारण ठेवायची गरजच नव्हती.

विजेच्या मोटरीचं तसं नाही. ती बॅटरीतल्या दहा भागांपैकी नऊच्या आसपास भाग कामाला लावते. वाया जाणारी उष्णता इतकी थोडी, की तिच्यावर चार माणसांची केबिन तापत नाही. मग ऊब वेगळी विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत बॅटरीतून जाते. ती विकत घेण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकातले.

पहिला मार्ग जेम्स जूलचा. सॅल्फर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या कुटुंबातला हा तरुण. 1840-41च्या सुमारास त्याने मोजून दाखवलं की तारेतून वीज वाहिली की तार तापते, आणि ती उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. आपली शेगडी, इस्त्री, गिझर, सगळे जूलचे वंशज. यातला नियम साधा आहे: एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता. एक कणही वाया जात नाही, म्हणून कोणी म्हणेल की याची कार्यक्षमता शंभर टक्के. बरोबर आहे. पण शंभर टक्के म्हणजे उत्तम, हे इथे खरं नाही. ते का, हे दुसरा मार्ग सांगतो.

1849-50च्या सुमारास स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी एक कल्पना मांडली. ते आधी दक्षिण आफ्रिकेत, केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेत होते, उन्हाळा काय असतो ते त्यांना माहीत होतं. उष्ण देशांतल्या खोल्यांची हवा यंत्राने थंड कशी करावी, हा त्यांचा प्रश्न. हवा दाबायची, ती तापली की ती उष्णता बाहेर सोडून द्यायची, मग हवा पसरू द्यायची, की ती गार होते. हा विचार ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांच्यासमोर होता, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. कार्नोने 1824मध्ये उष्णतेच्या इंजिनावर जे लिहिलं तेही त्यांनी पचवलेलं होतं. 1852मध्ये थॉमसननी इमारती गरम किंवा थंड करण्यावर एक निबंध वाचला. त्यात ते म्हणाले की जे यंत्र खोली गार करू शकतं ते उलटं वापरलं तर खोली गरमही करू शकेल, आणि तीही जळणातून थेट तापवण्यापेक्षा फार थोड्या श्रमात. त्यांच्या हिशेबात आदर्श यंत्राला मिळणाऱ्या उष्णतेच्या पस्तिसाव्या भागाएवढंच काम पुरत होतं.

म्हणजे बघा, हीट पंपाची कल्पना थंडीतून जन्मली नाही. ती उष्ण प्रदेशातली खोली गार कशी करावी या प्रश्नातून निघाली आणि मग थंड देशांनी उचलली. 1938मध्ये झुरिचच्या नगरभवनात लिम्मात नदीच्या पाण्यातली उष्णता ओढून इमारत गरम करणारा हीट पंप बसला. थंडगार नदीतून ऊब काढली, असं म्हटलं तर लोकांना जादू वाटेल. जादू नाही. दहा अंशाच्या हवेतही भरपूर उष्णता असते, फक्त ती खालच्या पायरीवर असते. तिला वरच्या पायरीवर चढवायला काम लागतं. विहिरीतून पाणी शेंदायला श्रम लागतात, पण पाणी आपण बनवत नाही. हीटर म्हणजे पाणी बनवणं, आणि हीट पंप म्हणजे पाणी शेंदणं.

गाडीत हे कसं होतं ते पाहू. तुमच्या गाडीतला एसी घ्या. त्यात एक वायू फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एका बारीक वाटेतून त्याला सोडलं की तो एकदम गार होतो, आणि डॅशबोर्डमागच्या जाळीत केबिनची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. हीट पंपात हीच साखळी झडपांनी उलटी वळवतात. आता बाहेरची जाळी उष्णता शोषते आणि केबिनमधली जाळी ती सोडते. कॉम्प्रेसर तोच. एक युनिट वीज कॉम्प्रेसरला दिली की बाहेरून दीड-दोन युनिट उष्णता ओढली जाते, आणि कॉम्प्रेसरला दिलेली वीजही शेवटी उष्णता होऊन केबिनमध्येच येते. एकूण अडीच-तीन युनिट ऊब. या प्रमाणाला कार्यगुणांक म्हणतात. हीटरचा कार्यगुणांक एक. हीट पंपाचा दहा अंशाच्या हवेत अडीच ते तीन. थॉमसनचे पस्तीस कुठे गेले, असं कुणी विचारेल. ते आदर्श यंत्राचे, आणि थोड्याच अंशांनी तापवायच्या हवेचे. खऱ्या गाडीत बाहेर दहा अंश आणि आतली जाळी पन्नास अंश असते. तिथे कार्नोची मर्यादा आठच्या आसपास येते, आणि घर्षण, झडपा, जाळ्यांमधला तापमानाचा फरक यांत तिचा तिसरा हिस्सा हाती लागतो.

मोटारींचा इतिहास गमतीचा आहे. 1996मध्ये जनरल मोटर्सने आणलेल्या ईव्ही-1 या विजेच्या गाडीत हीट पंप होता. म्हणजे कल्पना माहीत नव्हती असं नाही. तरी 2010मध्ये निसान लीफ आली ती विजेच्या हीटरवर. स्वस्त, सोपा, कधी न बिघडणारा. त्यात सिरॅमिकचे तुकडे असतात, बेरियम टायटनेटचे. ते एका ठरावीक तापमानापुढे गेले की त्यांचा रोध झपाट्याने वाढतो आणि ते स्वतःच वीज कमी ओढतात, जळत नाहीत. याला पीटीसी हीटर म्हणतात. बऱ्याच साध्या विजेच्या गाड्यांत आजही हाच असतो. पण थंड देशांतल्या ग्राहकांना हिवाळ्यात आकडा इतका घसरलेला दिसला, की 2013च्या लीफमध्ये निसानने हीट पंप आणला. टेस्लाचंही तसंच: 2012ची मॉडेल एस हीटरवर, आणि 2020च्या मॉडेल वायमध्ये कंपनीचा पहिला हीट पंप.

घसरण किती, याचा एक ठळक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनसंघाने 2019मध्ये पाच विजेच्या गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या. उणे सात अंशाला हीटर चालू ठेवून सरासरी 41 टक्के पल्ला गेला. हीटर बंद ठेवला तर फक्त 12 टक्के. म्हणजे थंडीने बॅटरी मंदावते तो भाग लहान, मोठा भाग हीटरचा. आणि त्याच चाचणीत 35 अंशाला एसी चालू ठेवून 17 टक्के गेले. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता चला गडचिरोलीला. पहाटे पाचला गडचिरोलीहून निघायचं, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागड. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. गाडी धरू साधी, 2020मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीएवढी. तिची बॅटरी 30.2 युनिटची होती. त्यातले 28 युनिट खरोखर वापरता येतात असं धरू. या रस्त्यावर मध्यम वेगाने किलोमीटरला 0.14 युनिट लागतात असं धरू. 28 भागिले 0.14, म्हणजे 200 किलोमीटर. भामरागडला पोचताना 25 किलोमीटर शिल्लक.

बाहेर दहा अंश. हीटर लावला. पहिली वीस मिनिटं काचा, सीट, डॅशबोर्ड, सगळं तापवायचं असतं. हीटर चार किलोवॅट ओढतो, म्हणजे सव्वा युनिटाहून थोडं जास्त. मग तो एका किलोवॅटवर स्थिरावतो आणि ऊन वर येईपर्यंत, अजून पावणेदोन तासांच्या आत, आणखी दीड-पावणेदोन युनिट जातात. एकूण तीन युनिट. त्यात गाडी 21 किलोमीटर गेली असती. आता 25 ऐवजी फक्त 4 किलोमीटर शिल्लक राहतात. तेच काम हीट पंपाने केलं, कार्यगुणांक अडीच धरला, तर 1.2 युनिट, म्हणजे साडेआठ किलोमीटर. शिल्लक सोळाच्या आसपास.

बारा किलोमीटरचा फरक. पुण्याला हे ऐकून कुणी खांदे उडवेल. पण या रस्त्यावर आणखी एक गोष्ट आहे. चालवण्याची वीज किलोमीटरवर मोजली जाते, आणि उबेची वीज तासावर. गाडी थांबली तरी हीटर थांबत नाही. आष्टी ते आलापल्ली या भागात लोहखनिजाच्या जड ट्रकांची रांग लागते, ती किती वेळ अडकवेल सांगता येत नाही. तासभर अडकलात तर हीटर आणखी एक युनिट खातो, म्हणजे सात किलोमीटर. चार शिल्लक होते. म्हणजे आता तुम्ही भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर, जंगलात उभे आहात. हीट पंपाच्या गाडीत तोच तास तीन किलोमीटरचा, आणि तुम्ही पोचता. पोचल्यावर साधा पंधरा अँपिअरचा प्लग मिळाला तरी तो तीन किलोवॅटच देतो. बॅटरी भरायला रात्र लागते. गाडीत पेशंट असेल, परीक्षेला निघालेली मुलगी असेल, तर हा फरक लहान नाही.

आता एक प्रश्न इथे नेहमी येतो: मग हीट पंपाचीच गाडी घ्यावी का? मी म्हणतो, आधी वर्ष मोजा. आपल्याकडे पहाटेची खरी थंडी दीड-दोन महिन्यांची आणि तीही दोन-तीन तासांची. तीच गाडी मे महिन्यात त्याच रस्त्यावर घाला. पहिल्या वीस मिनिटांत तापलेली केबिन थंड करायला तीन किलोवॅट, पुढे दीड किलोवॅट, आणि हे चारही तास, कारण ऊन मावळत नाही. बेरीज साडेसहा युनिट, म्हणजे 46 किलोमीटर. आता गाडी 154 किलोमीटरच जाते, भामरागड येतच नाही. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत पल्ला खाणारी मुख्य गोष्ट थंडी नाही, ऊन आहे, आणि उन्हात हीट पंप म्हणजे साधा एसीच. तिथे उपाय सावलीत उभी केलेली गाडी, काचेवरची जाळी आणि प्लग लावलेला असतानाच केबिन गार करून निघणं हा आहे.

पण अजून एक ऋतू उरला, आणि तो मात्र हीट पंपाच्या बाजूने बोलतो. पावसाळा. गाडीत चार ओली माणसं, बाहेर पंचवीस अंश, काचेवर वाफ. काच स्वच्छ ठेवायला हवा कोरडी करावी लागते. हवा कोरडी करायची म्हणजे ती आधी थंड जाळीवर नेऊन तिच्यातलं पाणी गाळायचं. अशी गार हवा तोंडावर आली की माणसं गारठतात, म्हणून ती पुन्हा थोडी तापवायची. साध्या गाडीत हे पुन्हा तापवणं हीटर करतो: अर्धा-पाऊण किलोवॅट, चार तासांत दोन ते तीन युनिट. ज्या हीट पंपाच्या गाडीत केबिनमध्येही कंडेन्सर असतो, तिथे हवेतून काढलेली उष्णताच तिला परत देता येते, जवळजवळ फुकट. म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर वाचतात, आणि पर्लकोटेला पूर आला म्हणून उलट फिरावं लागलं तर ते लागतातच.

आता तोटेही सांगायला हवेत. हीट पंपात झडपा जास्त, सांधे जास्त, वायू जास्त. खड्ड्यांच्या रस्त्यावर सांधा सैल झाला, दगड लागून पुढची जाळी फुटली, की थंडावा आणि ऊब दोन्ही जाऊ शकतात. हीटरच्या गाडीत निदान ऊब राहते. गळती ओळखायची कशी? थंडावा हळूहळू कमी होणं ही पहिली खूण, सांध्याजवळ तेलकट डाग ही दुसरी. आणि सर्वांत महत्त्वाचं: विजेच्या गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याची मोटर वायू-तेलातच बुडालेली असते. म्हणून त्यात वीज न वाहणारं विशेष तेल लागतं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने पेट्रोल गाडीचं तेल भरलं तर आतलं विद्युतरोधन ढासळतं, आणि गाडी दोष दाखवून सुरूच होत नाही. एसी दुरुस्त करायला दिलेली गाडी जागची हलत नाही, असं झालं तर आधी तेलाचं विचारा.

आणखी एक मर्यादा. दमट थंड हवेत बाहेरची जाळी शून्याखाली गेली की तिच्यावर दंव गोठतं. मग यंत्र काही मिनिटं उलटं फिरून ते वितळवतं, तेवढा वेळ हवा कोमट येते आणि बोनेटमधून वाफ दिसते. तो बिघाड नाही. आपल्याकडे दहा अंशाला हे क्वचितच घडतं.

तुमच्या गाडीत काय आहे हे घरीच कळतं. थंड पहाटे गाडी उभी ठेवून ऊब पूर्ण सोडा आणि पडद्यावर वीजवापर बघा. तीन-चार किलोवॅटवर गेला आणि हवा मिनिटभरात गरम आली तर हीटर. दीडच्या आसपास राहिला, कॉम्प्रेसरचा आवाज आला आणि हवा सावकाश तापली तर हीट पंप. दोन्हीपेक्षा स्वस्त उपायही आहे: सीट गरम करणारी तार पन्नास-पंचाहत्तर वॅटच घेते. आणि मागच्या सीटवरची घोंगडी काहीच घेत नाही.

शेवटी आपल्या जमिनीकडे येतो. ही वीज येते कुठून? ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्रातून, 2920 मेगावॅट, याच जिल्ह्यातला कोळसा जाळून. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश वीज होते, बाकीची शीतकरण मनोऱ्यांतून आणि चिमणीतून आकाशात जाते. तारांत आणि चार्जरमध्ये आणखी थोडी जाते. गाडीत एक युनिट ऊब हीटरने मिळवायला कोळशाची साडेतीन युनिट उष्णता लागते. म्हणजे आपण उष्णतेपासून वीज केली, दोन हिस्से टाकून दिले, आणि उरलेल्याची परत उष्णताच केली. भामरागडच्या त्या पहाटेच्या तीन युनिटांमागे अडीच किलोच्या वर कोळसा जळाला. हीट पंपाने तो एक किलोवर येतो. केंद्राने आकाशात सोडलेले दोन हिस्से हीट पंप जवळजवळ परत आणतो, जंगलातल्या थंड हवेतून ओढून. थॉमसननी 1852मध्ये मांडलेला हिशेब तोच होता. आपल्याकडे तो अधिक टोचतो, कारण मनोऱ्यातून वर जाणारी ती वाफ आपल्याला घराच्या गच्चीवरून दिसते.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.